नफा सव्वा कोटी, बचत सव्वादोन कोटी: रेझ्युमेतला आकडा कसा तपासायचा

जानेवारी 2025 मध्ये माझ्या टेबलावर एक रेझ्युमे आला. वागळे इस्टेटमध्ये माझं छोटंसं ऑफिस आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांना अकाउंट्स, खरेदी आणि स्टोअर्सची माणसं शोधून द्यायची, हे माझं काम. महापेच्या एका क्लायंटला वसुली सांभाळणारा सीनियर अकाउंटंट हवा होता. त्यासाठी आलेल्या रेझ्युमेत ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘डीएसओ 92 दिवसांवरून 47 दिवसांवर आणून कंपनीची 2.25 कोटी रुपयांची बचत केली. 8 जणांच्या टीमचं नेतृत्व.’ कंपनी रबाळे एमआयडीसीतली, व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणारी. काळ एप्रिल 2022 ते नोव्हेंबर 2024. (उमेदवाराची आणि कंपनीची ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील थोडे बदलले आहेत. हिशेबाची पद्धत तीच आहे.)

डीएसओ म्हणजे बिल केल्यापासून पैसे हातात यायला सरासरी किती दिवस लागतात तो आकडा. दुकानदाराच्या भाषेत उधारीचे दिवस.

अशी ओळ वाचल्यावर बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर प्रभावित होतात, नाही तर ‘फेकतोय’ म्हणून रेझ्युमे बाजूला ठेवतात. दोन्हीला दहा सेकंद पुरतात आणि दोन्हींत चूक होण्याची शक्यता सारखीच. या एका ओळीवर मी सुमारे दीड तास घालवला. तो कसा गेला ते सांगते, कारण वसुलीच काय, विक्री, खरेदी, उत्पादन, कुठल्याही कामातला आकडा असाच उलगडावा लागतो.

सुरुवात कंपनी केवढी आहे इथून होते. आकडा मोठा की लहान, हे तो कशाच्या तुलनेत ते कळल्याशिवाय ठरत नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे तिचा ताळेबंद कॉर्पोरेट मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर थोडी फी भरून कोणालाही पाहता येतो. AOC-4 या फॉर्मसोबत तो जोडलेला असतो. वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत तो भरायचा असतो, त्यामुळे मार्च 2024 चे आकडे जानेवारी 2025 मध्ये बघायला मिळाले. 2023-24 ची विक्री 18 कोटी, निव्वळ नफा सव्वा कोटी.

म्हणजे कंपनी वर्षभरात कमावते सव्वा कोटी आणि हा एकटा माणूस म्हणतो मी सव्वादोन कोटी वाचवले. सरळ अर्थ घेतला तर हा नसता तर कंपनी कोटभर तोट्यात असती. अशक्य नाही, पण मग आदल्या वर्षी ती तोट्यात दिसायला हवी होती. आदल्या वर्षीही नफा साधारण तेवढाच होता.

इथेच मी रेझ्युमे फेकला असता. पण शेजारच्या गाळ्यात एक सीए काका बसतात. बाहेरच्या टपरीवरून त्यांचा चहा आला की माझाही येतो. त्यांना ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘बाई, आधी त्याचा गुणाकार करून बघ. खोटं बोलणाऱ्याचा गुणाकार सहसा जुळत नाही.’

केला. 18 कोटींची विक्री 365 दिवसांत वाटली की दिवसाला साधारण 5 लाख. 92 मधून 47 गेले, उरले 45 दिवस. 45 गुणिले 5 लाख म्हणजे बरोबर सव्वादोन कोटी.

आकडा हवेतून आलेला नव्हता. माणसाने कागद-पेन्सिल घेऊन तो काढला होता. चूक गणितात नव्हती, शब्दात होती. उधारी 45 दिवसांनी कमी झाली की सव्वादोन कोटी बाजारातून आत येतात. ते कंपनीचेच पैसे असतात, फक्त आधी ग्राहकाकडे पडून होते. हे एकदाच होतं, दरवर्षी होत नाही, आणि याला बचत म्हणत नाहीत. बचत होते ती व्याजाची. कंपनी बँकेचं कॅश क्रेडिट वापरत असेल आणि दर 10 टक्के धरला, तर वर्षाला साधारण 22 लाख. सव्वादोन कोटी आणि 22 लाख यांत दहापटीचा फरक आहे, पण 18 कोटींच्या कंपनीत वर्षाला 22 लाखांचं व्याज वाचवणं हे चांगलंच काम आहे. माझ्याकडे येणारे फुगलेले दावे निम्म्याहून अधिक वेळा असेच असतात: एकदा मोकळा झालेला पैसा ‘बचत’ म्हणून, एका महिन्याचा उच्चांक ‘सरासरी’ म्हणून, आलेल्या ऑर्डरी ‘विक्री’ म्हणून लिहिलेल्या.

पुढचा प्रश्न: 92 आणि 47 हे खरे आहेत का? तेही ताळेबंदातूनच काढता येतं. 31 मार्च 2023 ला कंपनीची येणी 4 कोटी 80 लाख होती आणि त्या वर्षाची विक्री 16 कोटी 40 लाख. 31 मार्च 2024 ला येणी 3 कोटी 30 लाख, विक्री 18 कोटी. येणी भागिले विक्री, गुणिले 365. उत्तर येतं 107 दिवस आणि 67 दिवस.

हे उमेदवाराच्या आकड्यांशी जुळत नाही, पण इथे घाई करू नये. नफा-तोटा पत्रकातली विक्री जीएसटी वगळून असते आणि ग्राहकाकडून येणं मात्र जीएसटीसकट असतं. बिलावर 18 टक्के कर असेल तर भागाकारात वरचा आकडा करासकट आणि खालचा कराविना, म्हणजे दिवस फुगतात. दोन्हीकडे कर धरून पुन्हा मांडलं तर 91 आणि 57 येतात. सुरुवातीचा आकडा जुळला, एका दिवसाच्या फरकाने. शेवटचा नाही जुळला. तो 47 म्हणतो, ताळेबंद 57 म्हणतो.

हे दहा दिवस मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले. मुलाखतीत विचारायचा प्रश्न मिळाला होता.

आता टीमचा दावा. कंपनी केवढी हे माणसांच्या हिशेबातही बघावं लागतं, आणि त्यासाठी एक जागा फार कमी जणांना माहीत आहे. ईपीएफओच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय सर्वांसाठी खुली आहे. कंपनीचं नाव टाकलं की महिन्यामहिन्याला पीएफ भरल्याची नोंद दिसते, आणि तिथे किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला हेही दिसतं. या कंपनीचे आकडे 40 ते 45 च्या दरम्यान फिरत होते. ही संख्या पक्की मानू नये. कंत्राटी कामगारांचा पीएफ कंत्राटदाराच्या कोडवर जातो, त्यामुळे शॉप फ्लोअरवर शंभर माणसं असली तरी इथे चाळीस दिसू शकतात. जास्त पगाराचे काही जण पीएफच्या बाहेरही असू शकतात. पण ऑफिसच्या माणसांचा अंदाज येतो. 18 कोटींच्या कारखान्यात अकाउंट्सला तीन-चार माणसं असतात. फक्त वसुलीला आठ जण ठेवायला मालकाला वेड लागलेलं नसतं.

एका ओळीने मात्र मला थांबवलं, आणि ती ओळ ठळक नव्हती. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘ऑक्टोबर 2022 मध्ये ई-इन्व्हॉइसिंग सुरू केलं.’ ई-इन्व्हॉइसिंग म्हणजे प्रत्येक बिल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवणं. त्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. आधी ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवरच्या कंपन्या, मग 100 कोटी, 50 कोटी, एप्रिल 2022 पासून 20 कोटी, आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून 10 कोटींवरच्या. सोळा-सतरा कोटींच्या कंपनीला नेमकी त्या तारखेला सक्ती झाली. ‘एप्रिल 2021 मध्ये राबवलं’ असं लिहिलं असतं तर मी भुवई उंचावली असती, कारण तेव्हा मर्यादा 50 कोटींची होती. कंपनीचा आकार आणि तारीख यांचं असं जुळणं बनावट रेझ्युमेत क्वचित दिसतं. बनवणारा माणूस मोठ्या आकड्यांवर मेहनत घेतो, असल्या कंटाळवाण्या तारखांवर नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. समजा उधारी खरंच 91 वरून 57 वर आली. ती याच्यामुळे आली का?

यासाठी कॅलेंडर समोर ठेवावं लागतं. घट दिसते ती 2023-24 या वर्षात, आणि त्याच वर्षी आयकर कायद्यात एक बदल लागू झाला: कलम 43बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा करता येत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षीच वजा होतो. मुदत म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. रबाळेच्या या कंपनीसारखे 18 कोटी विक्रीचे उत्पादक तेव्हाच्या व्याख्येनुसार लघु उद्योगात बसत होते, कारण मर्यादा 50 कोटी उलाढालीची होती (यंत्रसामग्रीची मर्यादा वेगळी). परिणाम असा झाला की फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये मोठमोठे खरेदीदार लहान पुरवठादारांना स्वतःहून फोन करून विचारू लागले, ‘तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी आहे का? किती बाकी आहे?’ आमच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मार्चमध्ये असा सुकाळ पाहिला.

म्हणजे त्या वर्षी कोणीही हातावर हात धरून बसला असता तरी उधारी थोडी उतरलीच असती. ती उतरण वजा केल्यावर माणसाचं श्रेय किती उरतं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ताळेबंदात नाही, कारण ताळेबंद वर्षातून एकदाच फोटो काढतो. ते फक्त उमेदवाराकडून मिळतं.

मी फोन लावला. आधीच सांगितलं की आकड्यांवर बोलायचंय, हाताशी काही असेल तर घेऊन बसा. (हे मुद्दाम सांगते. सापळा लावून अचानक विचारलं तर खरा माणूसही गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ बघून आपण त्याला खोटा ठरवतो.)

‘47 कुठून आला?’ मी विचारलं.

‘मॅडम, त्यात रिटेन्शन धरलेलं नाही,’ तो म्हणाला. ‘प्रोजेक्टवाले ग्राहक दहा टक्के वॉरंटी संपेपर्यंत ठेवतात. ते माझ्या हातात नाही. आणि एका पार्टीशी मालकांचा वाद चालू आहे, ती पण बाजूला काढलीय. ते धरलं तर पंचावन्न-सत्तावन्न होईल.’

सत्तावन्न. मी ताळेबंद बघितलाय हे त्याला माहीत नव्हतं. लाल शाईचे दहा दिवस तिथे मिटले. वगळणं चुकीचं नव्हतं, पण ते ओळीत लिहायला हवं होतं. शिवाय आधीच्या 92 मध्ये रिटेन्शन धरलेलं होतं. सुरुवात एका मापाने आणि शेवट दुसऱ्या मापाने, असं दावे फुगवणारे मुद्दाम करतात आणि भाबडे लोक नकळत. याच्या आवाजावरून तरी हा दुसऱ्या गटातला वाटला. आवाजावर मी फार विसंबत नाही, पण सत्तावन्न हा आकडा त्याने आपणहून सांगितला होता.

‘आठ जणांची टीम?’

‘अकाउंट्सला आम्ही दोघं होतो. सहा सेल्स इंजिनियर. दर सोमवारी मी त्यांना बाकीची यादी द्यायचो आणि शुक्रवारी विचारायचो.’

म्हणजे नेतृत्व नव्हे, पाठपुरावा. इंटरनेटवरच्या साच्यात ‘लीडरशिप दाखवा’ असं लिहिलेलं असतं, म्हणून माणसं असं लिहितात. मला त्या सहा सेल्सवाल्यांकडून दर शुक्रवारी उत्तर काढणं हे आठ जणांच्या नेतृत्वापेक्षा अवघड वाटतं.

मग महिन्यांचा प्रश्न. ‘डिसेंबर 2023 अखेर आकडा किती होता?’ तो म्हणाला, ‘चौऱ्याहत्तर.’ फार विचार न करता. म्हणजे 43बी(एच)ची धावपळ सुरू व्हायच्या आत 91 चे 74 झाले होते आणि नंतरच्या तीन महिन्यांत 74 चे 57. अर्धं आधी, अर्धं नंतर.

‘आधीचं कशामुळे झालं?’ हा प्रश्न मी सर्वांत शेवटी ठेवते आणि त्यानंतर गप्प बसते. ज्याने काम केलेलं असतं तो इथे मोठे शब्द सोडून देतो आणि कागदांवर येतो. हा म्हणाला, पहिल्या दोन महिन्यांत त्याने परत आलेली बिलं मोजली. ग्राहक पैसे देत नव्हते असं नव्हतं, बिलं त्यांच्या सिस्टिममध्ये चढतच नव्हती. ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरचा म्हणजे पीओचा नंबर एक, बिलावर दुसरा. मालाच्या पोचपावतीची म्हणजे जीआरएनची प्रत नाही. ट्रान्सपोर्टची पावती म्हणजे एलआर जोडलेली नाही. एका मोठ्या ग्राहकाकडे तर बिल चढल्यापासून 45 दिवस मोजायचे, आणि यांचं बिल माल पोचल्यावर सरासरी अठरा दिवसांनी चढत होतं. त्याने डिस्पॅचच्या मुलाला बसवून एक नियम केला: ट्रक गेटबाहेर पडायच्या आत बिलाचा पीओ नंबर ग्राहकाच्या पीओशी ताडून बघायचा, आणि पोचपावतीचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा. बस, एवढंच. अठरा दिवसांचे चार झाले.

एका मोठ्या ग्राहकाकडे चौदा दिवस कमी झाले, तर एकूण सरासरीत सतरा कसे, असं मी विचारलं. तो म्हणाला बाकीच्यांची कहाणीही थोडीफार तीच होती, आणि दोन जुने थकलेले हिशेब मालकांनी स्वतः बसून मिटवले. श्रेयाचा तुकडा दुसऱ्याला देणारा माणूस मला बरा वाटतो.

‘आणि मार्चचं?’

‘ते कायद्यामुळे, मॅडम. मी फक्त उद्यम नंबर बिलावर छापून घेतला आणि सगळ्या पार्ट्यांना जानेवारीत मेल टाकला.’

तारखांसाठी मी त्याच्याकडून पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागवली. यूएएन, म्हणजे पीएफच्या कायम नंबराने लॉगिन केलं की कोणत्या कंपनीत कधी रुजू झाला आणि कधी सोडलं हे तिथे असतं. पगाराचे आकडे झाकून पाठवा असं मी सांगते, कारण मला फक्त तारखा हव्या असतात. एप्रिल 2022, नोव्हेंबर 2024. जुळल्या.

हे सगळं प्रत्येक वेळी जमत नाही. कंपनी प्रोप्रायटरी किंवा भागीदारीची असेल तर एमसीएवर तिचा ताळेबंद मिळणार नाही, आणि आपल्याकडचे कितीतरी कारखाने तसेच आहेत. तिथे मी उमेदवारालाच विचारते की महिन्याला साधारण किती बिलं निघायची आणि सरासरी बिल केवढं असायचं. दोन्हींचा गुणाकार त्याने सांगितलेल्या उलाढालीच्या जवळपास आला पाहिजे. मोठ्या समूहात उलटी अडचण. ताळेबंद मिळतो, पण तो हजारो कोटींचा. त्यात एका शाखेतल्या एका माणसाचं काम दिसणं म्हणजे खाडीत तांब्याभर पाणी शोधणं.

आणि माझ्या हातून झालेली चूकही सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या रेझ्युमेत होतं, ‘निर्यात विक्री 400 टक्क्यांनी वाढवली.’ मी हसून बाजूला ठेवला. नंतर कळलं, ती रुजू झाली तेव्हा निर्यात वर्षाला 6 लाख होती आणि तिने ती 30 लाखांवर नेली. पूर्ण खरं, आणि एका लहान कंपनीसाठी कौतुकाचं. पाया लहान असला की टक्केवारी आपोआप राक्षसी होते. कोटीची कंपनी दुप्पट होऊ शकते, पाचशे कोटींची एका वर्षात सहसा होत नाही. 400 टक्के वाचून मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं, ‘कशाच्या?’

महापेच्या क्लायंटला मी पाठवलेल्या टिपणात ओळ बदललेली होती: ‘दोन्ही टोकं एका मापाने धरली तर उधारी 91 वरून 57 दिवसांवर. साधारण 2 कोटी रुपये मोकळे झाले, व्याजात वर्षाला सुमारे 20 लाख. यातली अंदाजे अर्धी घट कायद्यामुळे.’ हे 2 कोटी कुठून आले? 34 दिवस, आणि जीएसटीसकट दिवसाची बिलं 5 लाख 80 हजारांच्या आसपास.

साहेबांचा लगेच फोन. ‘म्हणजे माझ्याकडेही चौतीस दिवस कमी करेल?’

‘नाही साहेब. तुमचा धंदा ट्रेडिंगचा. 43बी(एच)चं संरक्षण उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, ट्रेडरला नाही. मार्चमधली ती सतरा दिवसांची घट तुमच्याकडे येणार नाही.’

‘मग उरलं काय?’

‘पहिले सतरा. तेही तुमची बिलं परत येत असतील तरच.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मागे कोणाला तरी ओरडून विचारलेलं मला ऐकू आलं, ‘अरे, परत आलेल्या बिलांची फाइल कुठंय?’ आणि लांबून उत्तर आलं, ‘कुठली हवी साहेब? तीन आहेत.’